97 देश, 187 सभासद, आणि तरीही ‘तीन-चतुर्थांश’? बासेल कराराच्या बंदी दुरुस्तीचा हिशेब

प्रश्न: “बासेल करारातली घातक कचऱ्याच्या निर्यातीवरची बंदी दुरुस्ती 1995 ला मंजूर झाली आणि 2019 ला लागू झाली असं वाचलं. दुरुस्तीला तीन-चतुर्थांश देशांची मान्यता लागते म्हणतात. पण तेव्हा सभासद 187 होते आणि मान्यता दिली होती फक्त 97 जणांनी. मग ती लागू झाली कशी? हे ठरवलं कोणी? आणि भारताने मान्यता दिलेली नाही, तर आपल्याला ती बांधील आहे का?”

तुमचं गणित बरोबर आहे. 187 चे तीन-चतुर्थांश 141 होतात, आणि 97 त्याच्या जवळपासही नाहीत. अडचण भागाकारात आहे. तुम्ही ज्या आकड्याचे तीन-चतुर्थांश काढले, तो आकडा हिशेबात धरलाच गेलेला नाही. 1995 मध्ये दुरुस्ती मंजूर झाली त्या वेळी कराराचे 87 सभासद होते. त्या 87 पैकी 66 जणांची मान्यता हवी होती, आणि 66 वी मान्यता 2019 च्या सप्टेंबरमध्ये आली. 187 ऐवजी 87 धरायचे, हे मुळात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ते ठरायला 16 वर्षं गेली. घातक मालाच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या कामात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कलम पाहू. बासेल कराराचं 17 वं कलम दुरुस्तीबद्दल आहे. त्यात दोन टप्पे आहेत, आणि लोक हमखास त्यांची सरमिसळ करतात. पहिला टप्पा बैठकीतला. सभासदांच्या परिषदेत दुरुस्ती शक्यतो एकमताने मंजूर करायची. अगदीच जमलं नाही तर हजर राहून मत देणाऱ्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने करायची. हे झालं की दुरुस्ती ‘मंजूर’ होते, पण त्याने कोणीही बांधला जात नाही. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक देश आपल्या राजधानीत जाऊन, आपल्या देशातल्या पद्धतीने मान्यता घेतो आणि तसा दस्तऐवज जमा करतो. ठरलेल्या संख्येचे दस्तऐवज जमा झाले की 90 व्या दिवशी दुरुस्ती ‘लागू’ होते. मंजुरी 22 सप्टेंबर 1995 ला जिनिव्हात झाली. लागू होणं 5 डिसेंबर 2019 ला. मधली 24 वर्षं या दुसऱ्या टप्प्यात गेली.

आता त्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदातलं वाक्य. मराठीत त्याचा शब्दशः अर्थ असा होतो: दुरुस्ती “ज्यांनी ती स्वीकारली त्या पक्षांपैकी किमान तीन-चतुर्थांश पक्षांचे” मान्यतेचे दस्तऐवज मिळाल्यानंतर 90 व्या दिवशी, ती स्वीकारणाऱ्या पक्षांमध्ये लागू होईल. दोनदा वाचा. ज्यांनी स्वीकारली त्यांचे तीन-चतुर्थांश! दुसऱ्या टप्प्यात दस्तऐवज देणारेच ‘स्वीकारणारे’ धरले, तर ही अट चार देशांतही पुरी होते, आणि तसा अर्थ कोणीच घेणार नाही. मग ‘स्वीकारली’ म्हणजे बैठकीत स्वीकारली असा अर्थ घ्यायचा का? की हा शब्द मसुद्यात चुकून राहिला असं मानून ‘सगळ्या सभासदांपैकी तीन-चतुर्थांश’ असं वाचायचं? आणि सगळे म्हणजे कधीचे सगळे? 1989 च्या मार्चमध्ये करार मंजूर झाला, तेव्हा ही संदिग्धता कोणाला खुपली नसावी. पहिली मोठी दुरुस्ती या कलमातून जाऊ लागली तेव्हा ती उघडी पडली.

टिकतील असे अर्थ साधारण तीन होते. पहिला, दुरुस्ती मंजूर झाली त्या दिवशी जे सभासद होते त्यांचे तीन-चतुर्थांश. याला ठरलेल्या वेळेची पद्धत म्हणू. दुसरा, ज्या दिवशी मोजणी करायची त्या दिवशी जितके सभासद असतील त्यांचे तीन-चतुर्थांश. ही चालू वेळेची पद्धत. तिसरा, बैठकीत प्रत्यक्ष हजर असून ज्यांनी दुरुस्ती स्वीकारली त्यांचे तीन-चतुर्थांश. तिसरा शब्दांना सगळ्यात जवळचा, पण व्यवहारात गैरसोयीचा, कारण एकमताने झालेल्या मंजुरीत कोण कोण सभागृहात होतं याची यादी काढत बसावं लागतं. खरा वाद पहिल्या दोघांत होता.

चालू वेळेच्या पद्धतीत काय होतं ते कागदावर मांडून पाहा. 1995 मध्ये 87 सभासद होते, म्हणजे 66 मान्यता पुरेशा. त्यानंतर करारात दरवर्षी नवे देश येत गेले. नवा देश मूळ करारात येतो. लागू न झालेली दुरुस्ती त्याच्यावर आपोआप येत नाही, तिची मान्यता त्याला वेगळी द्यावी लागते. त्यामुळे चार नवे देश आले की आवश्यक संख्या तीनने वाढते, पण जमा संख्या आहे तिथेच राहते. सभासद 187 झाले तोवर अट 66 वरून 141 वर गेली असती. करार जितका लोकप्रिय, तितकी त्याची दुरुस्ती अवघड. विहिरीचं पाणी शेंदायला जावं आणि पाणीच खाली खाली सरकत जावं, तसं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हे ठरवतं कोण. बहुतेकांना वाटतं की संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. बासेल कराराच्या 28 व्या कलमाप्रमाणे तेच कराराचे डिपॉझिटरी आहेत, म्हणजे ज्याच्याकडे मूळ प्रत, सह्या आणि मान्यतेचे दस्तऐवज ठेवले जातात तो राखणदार. प्रत्यक्ष काम न्यूयॉर्कच्या मुख्यालयातला करार विभाग करतो, आणि त्याच्याकडे असे 560 हून अधिक बहुपक्षीय करार आहेत. दस्तऐवज आला की त्यावर राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांच्यापैकी कोणाची सही आहे का, कोणत्या कराराला किंवा दुरुस्तीला मान्यता आहे हे नेमकं लिहिलं आहे का, सोबत काही अट किंवा राखीव भूमिका जोडली आहे का, हे तो विभाग पाहतो. मग तारीख नोंदवतो आणि सगळ्या देशांना सूचना पाठवतो. तारीख बहुधा दस्तऐवज मुख्यालयात मिळाला तीच धरली जाते. एखाद्या देशाच्या मंत्रिमंडळाने दोन महिने आधी मान्यता दिली असेल, तरी मोजणीसाठी ती तारीख निरुपयोगी असते. पेपरात “अमुक देशाने मान्यता दिली” अशी बातमी येते ती बहुतेक वेळा मंत्रिमंडळाची किंवा संसदेची असते. कागद न्यूयॉर्कला पोचलेला असेलच असं नाही.

पण हा राखणदार न्यायाधीश नाही. करारांच्या कायद्याबद्दलचा 1969 चा व्हिएन्ना करार 76 व्या कलमात म्हणतो की डिपॉझिटरीचं काम आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं आहे आणि त्याने ते निःपक्षपातीपणे करायचं. 77 व्या कलमात त्याच्या कामांची यादी आहे आणि पुढे महत्त्वाचं वाक्य आहे: डिपॉझिटरीच्या कामाबद्दल त्याचा आणि एखाद्या देशाचा मतभेद झाला, तर त्याने तो प्रश्न सह्या केलेल्या आणि बांधील असलेल्या देशांसमोर ठेवायचा. निकाल द्यायचा नाही, समोर ठेवायचा. भारत या व्हिएन्ना कराराचा सभासद नाही, हे इथे सांगून ठेवते. पण यातले बरेच नियम प्रथेने चालत आलेले म्हणून सगळेच देश वापरतात, आपलं परराष्ट्र खातंही.

तरी मोजणी तर रोज करावीच लागते. कराराने काही सांगितलं नसेल तर डिपॉझिटरी आपली रूढ पद्धत वापरतो, आणि संयुक्त राष्ट्रांची रूढ पद्धत चालू वेळेची आहे. बासेलच्या सभासदांनी याबद्दल विचारणा केली, तेव्हा 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कायदा विभागाने हेच कळवलं: मोजणी दस्तऐवज जमा होण्याच्या वेळच्या सभासदसंख्येवर होते. सभासदांनी आपसात वेगळा अर्थ ठरवला तर मात्र गोष्ट निराळी. या मताला काही जण ‘निकाल’ समजून बसले आणि बंदी दुरुस्ती आता कधीच लागू होणार नाही असं लिहू लागले. माझ्या मते ती वाचण्यातली चूक होती. राखणदाराने सांगितलं होतं की तुम्ही काही सांगितलं नाही तर मी अशी मोजणी करीन. किल्ली सभासदांच्याच हातात होती.

त्यांनी ती फिरवायला आणखी सात वर्षं घेतली. 2008 च्या बालीच्या परिषदेनंतर इंडोनेशिया आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून पुढाकार घेतला. एक देश कचरा येणाऱ्या बाजूचा, एक पाठवणाऱ्या बाजूचा, ही जोडी जमली म्हणून गाडं हललं असं मला वाटतं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात दहाव्या परिषदेने निर्णय घेतला: 17 व्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदाचा अर्थ, दुरुस्ती मंजूर झाली त्या वेळी जे सभासद होते त्यांच्या तीन-चतुर्थांश मान्यता, असा घ्यायचा. सोबत दोन गोष्टी काळजीपूर्वक लिहिल्या. हा अर्थ इतर पर्यावरण करारांना लागू धरू नये, आणि यामुळे कोणत्याही देशावर बंदी दुरुस्ती मान्य करण्याची सक्ती होत नाही. या दोन ओळी नसत्या तर एकमत झालं नसतं.

इथे विद्यार्थी एक रास्त शंका काढतात. कलमाचा अर्थ परिषदेच्या ठरावाने बदलता येत असेल, तर मग दुरुस्तीची एवढी लांबलचक प्रक्रिया हवी कशाला? उत्तर असं की अर्थ ‘बदलला’ नाही. शब्दांत दोन-तीन अर्थ बसत होते, त्यातला कोणता घ्यायचा हे सगळ्या सभासदांनी मिळून सांगितलं. व्हिएन्ना कराराच्या 31 व्या कलमात, करारानंतर सभासदांत झालेलं अर्थाबद्दलचं एकमत विचारात घ्यायचं, असं आहेच. कलमात “मोजणीच्या दिवशीच्या सर्व सभासदांपैकी” असं स्वच्छ लिहिलेलं असतं, तर हाच ठराव मर्यादा ओलांडणारा ठरला असता. सीमारेषा बारीक आहे, पण आहे. आणि एक खटकणारी बाजूही सांगायला हवी. 1995 नंतर आलेल्या शंभरएक सभासदांची मान्यता उंबरठा ओलांडण्यासाठी मोजलीच जात नाही. ती फक्त त्यांना स्वतःला बांधते. न्यायाच्या दृष्टीने हे पूर्ण समाधानकारक नाही. तरी उंबरठा स्थिर असलेला बरा, या बाजूची मी आहे.

त्यानंतरचा हिशेब सरळ होता, फक्त सावकाश. 6 सप्टेंबर 2019 ला क्रोएशियाचा दस्तऐवज जमा झाला. एकूण मोजले तर तो 97 वा, आणि 1995 च्या 87 सभासदांपैकी 66 वा. क्रोएशिया 1994 पासून सभासद असल्यामुळे त्याची मान्यता उंबरठ्यासाठी धरली गेली. बाकीचे सुमारे तीस दस्तऐवज 1995 नंतर आलेल्या सभासदांचे. ते मोजणीत नव्हते, पण दुरुस्ती लागू होताच त्यांच्यावरही त्याच दिवसापासून बांधील झाली. तुम्हाला पडलेलं कोडं इथे सुटतं: बातमीत 97 छापलं गेलं, आणि ज्याच्या जोरावर दुरुस्ती लागू झाली तो 66 आतल्या पानावर राहिला.

तारीख कशी काढतात तेही एकदा हाताने करून पाहा. माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका तरुण वकिलाने टिपणात 6 डिसेंबर लिहिलं होतं, सप्टेंबर ते डिसेंबर तीन महिने म्हणून. कलमात तीन महिने नाहीत, 90 वा दिवस आहे. जमा झाल्याचा दिवस सोडायचा. 7 सप्टेंबर पहिला दिवस. सप्टेंबरचे 24, ऑक्टोबरचे 31 मिळून 55, नोव्हेंबरचे 30 मिळून 85, आणि वर पाच: 5 डिसेंबर. एका दिवसाचा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल, पण जहाज 5 तारखेला बंदरातून सुटलं असेल तर तो एक दिवसच सगळं ठरवतो. प्रत्येक करारात ही मुदत निराळी असते. पॅरिस करारात 30 वा दिवस आहे. भारताने 2 ऑक्टोबर 2016 ला, गांधी जयंतीला, दस्तऐवज जमा केला. 5 ऑक्टोबरला दोन्ही अटी, म्हणजे 55 पक्ष आणि जगाच्या उत्सर्जनातला 55 टक्के वाटा, पुऱ्या झाल्या आणि 4 नोव्हेंबरला करार लागू झाला. हेही वरच्यासारखं मोजून पाहा, जुळेल.

उंबरठा कसा लिहिला आहे त्यावर किती अवलंबून असतं याचं आणखी एक उदाहरण देते. क्योटो प्रोटोकॉलची दोहा दुरुस्ती 2012 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली. तिने 2013 ते 2020 या काळासाठी विकसित देशांवर उत्सर्जनाची बंधनं घातली. तिथे तीन-चतुर्थांश म्हणजे 192 पैकी 144. ही संख्या 2 ऑक्टोबर 2020 ला गाठली गेली. 90 वा दिवस निघाला 31 डिसेंबर 2020. ज्या आठ वर्षांसाठी दुरुस्ती होती, त्यांच्या शेवटच्या दिवशी ती कायदेशीरपणे लागू झाली! याउलट ओझोन थराच्या रक्षणासाठी असलेल्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलच्या किगाली दुरुस्तीला फक्त 20 मान्यता पुरेशा होत्या. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेली ती दुरुस्ती 1 जानेवारी 2019 ला लागूही झाली. भारत त्यात 2021 च्या सप्टेंबरमध्ये आला. इथे आकडा ठरलेला असल्यामुळे कोणाच्या तीन-चतुर्थांश हा वादच उद्भवत नाही. मसुदा करणाऱ्याने कोणता शब्द कुठे ठेवला यावर किती वर्षं जातात, ते या तिघांत दिसतं.

आता भारताचं. भारताने बासेल कराराला 24 जून 1992 ला मान्यता दिली आणि 90 व्या दिवशी, 22 सप्टेंबर 1992 ला, करार आपल्यापुरता लागू झाला. बंदी दुरुस्तीला मात्र भारताने मान्यता दिलेली नव्हती, आणि ती 2019 मध्ये लागू झाली तेव्हाही नव्हती. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया यांचंही तसंच, आणि अमेरिका तर मूळ कराराचीही सभासद नाही. दुरुस्ती म्हणते की यादीतल्या देशांनी, म्हणजे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचे सभासद, युरोपीय संघ आणि लिश्टेनस्टाइन यांनी, बाकीच्या देशांना घातक कचरा पाठवायचा नाही. भारत ओईसीडीत नाही, म्हणजे आपण ‘बाकीच्या’ बाजूला. कलमाच्या शब्दांप्रमाणे दुरुस्ती “स्वीकारणाऱ्या पक्षांमध्ये” लागू होते. तेव्हा जर्मनी आणि भारत यांच्यातला करार म्हणून पाहिलं तर त्यांच्यात मूळ बासेल करारच चालू आहे. त्यात सरसकट बंदी नाही, आयात करणाऱ्या देशाची लेखी पूर्वसंमती घेऊन माल हलवायची सोय आहे.

कागदावर इथे थांबता येईल. धंद्यात थांबून चालत नाही. 2020 च्या सुरुवातीला तळोज्याकडच्या एका रिसायकलरचा फोन आला. जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढण्याचा त्यांचा व्यवसाय. एका मध्यस्थाने त्यांना युरोपातून बॅटऱ्यांचा भंगार माल देऊ केला होता आणि ईमेलमध्ये लिहिलं होतं: भारत बंदी दुरुस्तीत नाही, त्यामुळे अडचण नाही. “मॅडम, आपण सही केलेली नाही, मग बंदी आपल्याला कशी?” त्यांनी आगाऊ रक्कमही भरली होती. मी त्यांना सांगितलं की तुम्ही चुकीच्या टोकाकडून पाहता आहात. बंदी आयात करणाऱ्यावर नाही, निर्यात करणाऱ्यावर आहे. तो देश युरोपीय संघात आहे. संघाने ही बंदी आपल्या स्वतःच्या कायद्यात 1998 पासूनच घेतलेली आहे, 2019 ची वाट न पाहता. तिथला कस्टम अधिकारी भारत सभासद आहे का ते बघत नाही. माल घातक आहे का आणि जाण्याचं ठिकाण ओईसीडीबाहेर आहे का, एवढंच बघतो. दोन्हीला होय असेल तर कंटेनर तिथेच थांबतो. तसंच झालं. रक्कम परत मिळायला त्यांना बराच काळ लागला.

त्या फोनच्या वेळी आणखी एक गोष्ट त्यांना समजावावी लागली. दुरुस्ती बाजूला ठेवली तरी आपला देशी कायदा आहेच. 2016 च्या घातक आणि इतर कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नुसता टाकून देण्यासाठी असा कचरा देशात आणताच येत नाही. पुनर्वापर किंवा पुनर्प्राप्तीसाठी आणायचा तर परवानगीची वाट आहे. आपल्या किनाऱ्यावर याचं एक ठळक प्रकरण घडलेलं आहे. न्हावाशेवा बंदरात टाकाऊ तेलाचे 133 कंटेनर पडून राहिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2005 च्या जानेवारीत न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला सांगितलं. त्या वेळी बंदी दुरुस्ती कुठेच लागू नव्हती. मूळ करार आणि देशातला कायदा एवढ्यावर ते झालं. म्हणून “दुरुस्ती बांधील आहे का?” हा प्रश्न मला कोणी विचारला, की मी त्याचे तीन करते: करार म्हणून भारतावर बांधील आहे का, माल पाठवणाऱ्या देशावर बांधील आहे का, आणि दोन्ही देशांतला कायदा काय म्हणतो. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी उरलेली दोन माल अडवू शकतात.

आता तुम्ही न विचारलेला, पण याहून धोक्याचा भाग. वरची सगळी प्रक्रिया मूळ कलमांच्या दुरुस्तीची. कराराच्या परिशिष्टांची दुरुस्ती 18 व्या कलमाने होते आणि तिची चाल उलटी आहे. परिषदेने मंजूर केल्यावर डिपॉझिटरी सूचना फिरवतो. ज्या देशाला ती मान्य नसेल त्याने सहा महिन्यांत लेखी कळवायचं. जो गप्प राहिला त्याच्यावर ती बांधील. मूळ कलमात मौन म्हणजे नकार, परिशिष्टात मौन म्हणजे होकार. प्लास्टिक कचऱ्याबद्दलची दुरुस्ती 2019 च्या मेमध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2021 पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. ई-कचऱ्याची 2022 च्या जूनमधली, ती 1 जानेवारी 2025 पासून. एकीकडे 24 वर्षं, दुसरीकडे पावणेदोन ते अडीच. एकाच करारात. आणि परिशिष्टात कोणता माल ‘घातक’ किंवा ‘पूर्वसंमती लागणारा’ हे ठरतं, म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीने सगळं तिथेच ठरतं. भंगार व्यवसायातली माणसं बंदी दुरुस्तीबद्दल बरंच ऐकून असतात आणि परिशिष्टांकडे त्यांचं लक्ष नसतं, असा माझा अनुभव आहे.

ही मौनाची पद्धत नको असेल तर काही करारांत बाहेर पडायची वाट असते. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांबद्दलच्या स्टॉकहोम करारात भारताने 2006 मध्ये येतानाच जाहीर केलं, की परिशिष्टात नवं रसायन आलं तरी आम्ही वेगळी मान्यता दिल्याशिवाय ते आमच्यावर येणार नाही. म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने 7 ऑक्टोबर 2020 ला सात रसायनांना मान्यता दिल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. इतर बहुतेक देशांना अशी मंजुरी लागली नाही, ती रसायनं त्यांच्यावर मौनानेच आली. त्यामुळे एका करारावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. प्रत्येकाचं दुरुस्तीचं कलम आणि प्रत्येक देशाने सोबत जोडलेली जाहीरनाम्याची ओळ स्वतः वाचा.

हे तपासायचं कुठे? treaties.un.org या संकेतस्थळावर डिपॉझिटरीचा तक्ता असतो. पर्यावरणाचं प्रकरण XXVII, त्यात बासेल करार XXVII.3 आणि बंदी दुरुस्ती XXVII.3.a अशी वेगळी नोंद आहे. मूळ कराराच्या पानावर भारत दिसतो म्हणून दुरुस्तीच्या पानावरही असेल असं धरू नका. दोन पानं वेगळी उघडायची. वर लागू झाल्याची तारीख असते, खाली देशांची यादी आणि प्रत्येकासमोर दस्तऐवज जमा झाल्याची तारीख. ही तारीख आणि लागू झाल्याची तारीख एक नाही. 5 डिसेंबर 2019 नंतर जो देश येतो त्याच्यापुरती दुरुस्ती त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजानंतर 90 व्या दिवशी लागू होते, ते तुम्हालाच मोजायचं. शेवटी तळाच्या टिपा आणि जाहीरनामे. तिथे अनेकदा प्रदेशाची मर्यादा असते: एखाद्या देशाची मान्यता त्याच्या सगळ्या भूभागांना लागू नसते, आणि माल नेमका त्या वगळलेल्या बेटावरून येत असतो.

आणि परिशिष्टाच्या दुरुस्तीसाठी तक्ता पुरत नाही, कारण गप्प राहिलेल्यांची यादी कोणी करत नाही. तिथे डिपॉझिटरीच्या सूचना पाहाव्या लागतात. त्यांचा क्रमांक C.N. ने सुरू होतो आणि पुढे वर्ष आणि कराराचा क्रमांक असतो. दोन सूचना शोधायच्या: दुरुस्ती फिरवल्याची, म्हणजे सहा महिने कधी सुरू झाले ते कळतं, आणि त्या मुदतीत कोणी नकार कळवला असेल तर त्याची. नकार नंतर मागेही घेता येतो, म्हणून तिसरीही एकदा पाहून घ्या. तुमच्या अभ्यासासाठी प्लास्टिकच्या दुरुस्तीच्या या सूचना क्रमाने लावून भारतापुरती तारीख काढून पाहा. उत्तर इथे लिहिलंत तर मी तपासून देईन.